हप्ता थोडाच वाढला होता

एप्रिल २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात मी आयकराची कागदपत्रं गोळा करायला बसलो. गृहकर्जाचं व्याज प्रमाणपत्र बँकेच्या साइटवरून उतरवून घेतलं, नेहमीसारखं न वाचता फाइलमध्ये टाकणार, तेवढ्यात मुद्दलाच्या रकान्यावर नजर गेली. ४१,५४७ रुपये. वर्षभरात फेडलेलं मुद्दल एवढंच. भरलेले हप्ते मात्र दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांच्या वर होते.

आधी वाटलं बँकेचीच चूक असेल. म्हणून मागच्या वर्षाचं प्रमाणपत्र काढलं. कर्ज सप्टेंबर २०२१ मधलं, त्यामुळे त्या आर्थिक वर्षात जेमतेम सहाच हप्ते गेले होते. त्या सहा हप्त्यांत मुद्दल फिटलं होतं ३५,९०५. म्हणजे सहा महिन्यांत छत्तीस हजार आणि पुढच्या अख्ख्या वर्षात साडेएकेचाळीस. हप्ता तर मध्यंतरी वाढला होता. मग पैसे गेले कुठे?

उत्तर बँकेने मला वर्षभर एसएमएसने कळवलेलं होतं. मीच ते वाचून खुशीत होतो.

कर्जाची हकिकत अशी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला, तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, म्हणजे २४० हप्ते. फ्लोटिंग म्हणजे बदलतं व्याज. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे उसने देते त्या रेपो दराला जोडलेलं: रेपो अधिक २.८० टक्के. हा वरचा २.८० म्हणजे बँकेचा स्प्रेड, तो कर्ज घेताना ठरतो. तेव्हा रेपो ४ टक्के होता, म्हणून माझा दर ६.८० आणि हप्ता २२,९००. सगळे म्हणत होते की इतकं स्वस्त कर्ज पुन्हा मिळणार नाही. खरंच होतं ते, फक्त हा दर वीस वर्षं टिकणार नाही हे कुणी म्हणत नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने अचानक बैठक घेऊन रेपो ४.४० केला. मग जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के. माझ्या बँकेत रीसेट, म्हणजे कर्जाला नवा दर लावणं, तिमाहीचं, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या १ तारखेला. म्हणजे मधल्या बातम्यांचा परिणाम खात्यावर त्या त्या तारखेला येतो.

१ जुलैला दर ७.७० झाला. हप्ता तोच, २२,९००. मी म्हटलं, बरं झालं. ऑक्टोबरला दर ८.७०, हप्ता २३,१४२. २४२ रुपयांची वाढ! ऑफिसात मी जेवणाच्या डब्यावर सांगितलं की आमच्या बँकेने फारसं वाढवलं नाही बुवा. जानेवारीत दर ९.०५, हप्ता २३,८६८. एप्रिलमध्ये दर ९.३० आणि हप्ता २४,३९०. सगळं मिळून १,४९० रुपये. अडीच टक्के दरवाढीला हप्ता एवढाच कसा वाढला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला प्रमाणपत्र हातात आल्यावर.

त्याच रात्री खात्याचा ३१ मार्चपर्यंतचा पूर्ण उतारा काढला. वरच्या कोपऱ्यात, जिथे मी कधी पाहत नव्हतो, तिथे शिल्लक हप्ते लिहिलेले होते: ३४२. तोवर मी अठरा हप्ते भरले होते. २४० मधून अठरा गेले की उरतात २२२. इथे तर १२० जास्त, म्हणजे दहा वर्षं. कर्ज सप्टेंबर २०४१ ला संपायचं ते आता सप्टेंबर २०५१ ला. माझा जन्म १९८४ चा. कंपनीत निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. सदुसष्टाव्या वर्षापर्यंत हप्ता कोण भरणार?

बायको शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने आकडा ऐकला आणि म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष पैसे भरून आपण साडेआठ वर्षं मागे गेलो?" हिशेब अगदी बरोबर होता.

काय झालं होतं ते सांगतो. दर वाढला की बँकेपुढे दोन वाटा असतात. मुदत तीच ठेवून हप्ता वाढवायचा, नाहीतर हप्ता तोच ठेवून मुदत लांबवायची. आमच्या बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी वाट आपोआप धरलेली होती. जुलैमध्ये तिने गुपचूप शिल्लक २३१ हप्त्यांचे २७३ केले. ऑक्टोबरमध्ये हप्ता तसाच ठेवला असता तर ३६६ हप्ते लागले असते, पण बँकेची कमाल मुदत सुरुवातीपासून तीस वर्षं. ती कमाल गाठली आणि त्यात बसण्यापुरता, नेमका २४२ रुपयांनी, हप्ता वाढवला. त्यानंतरच्या दोन्ही वाढीही तशाच, तीस वर्षांच्या भिंतीला टेकून. म्हणजे माझ्या डोळ्यांना दिसत होती ती फक्त भिंतीवरून सांडलेली वाढ. बाकीची सगळी मुदतीत मुरली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्प्रेडशीट उघडली. या हिशेबाला दोनच सूत्रं लागतात. एक हप्ता दिल्यावर महिने सांगतं, दुसरं महिने दिल्यावर हप्ता. ३१ मार्चला माझी बाकी होती २९,२२,५४८ रुपये.

```
=NPER(9.3%/12, -24390, 2922548)
=PMT(9.3%/12, 222, -2922548)
```

पहिल्याचं उत्तर आलं ३४२ च्या आसपास, म्हणजे बँकेचा आकडा खरा. दुसऱ्याचं २७,६२७. मूळ मुदतीत कर्ज संपवायचं तर हप्ता एवढा हवा होता.

मग मी गंमत म्हणून पहिल्या सूत्रात जुना हप्ता घातला, २२,९००. उत्तर ५८५ महिने, जवळजवळ एकोणपन्नास वर्षं. २२,६०० घातले तर आकडाच येईना, खान्यात `#NUM!` उमटलं. सूत्र बिघडलं नव्हतं. २९,२२,५४८ वर ९.३० टक्क्यांनी एका महिन्याचं व्याजच २२,६५० रुपये होतं. हप्ता व्याजापेक्षा कमी पडला की कर्ज कधीच फिटत नाही, उलट दर महिन्याला वाढतं. बँकेने हप्ता मुळीच वाढवला नसता तर २२,९०० पैकी जेमतेम अडीचशे रुपये मुद्दलाला गेले असते.

हे एकदा कळल्यावर बाकीचं आपोआप कळत गेलं. हप्ता म्हणून आपण जी रक्कम पाहतो तिच्यातले पहिले २२,६५० रुपये बँकेचं भाडं. कर्ज फेडतो तो फक्त वरचा तुकडा. २४,३९० च्या हप्त्यात तो तुकडा १,७४० चा. त्यात आणखी १,७०० घातले तर हप्ता सातच टक्क्यांनी वाढतो, पण फेडीचा वेग दुप्पट होतो. म्हणून हप्ता आणि मुदत यांचं नातं सरळ रेषेसारखं नसतं. मी मधले आकडे काढले. २५,१२९ चा हप्ता केला तर ३०० महिने. २६,०४२ केला तर २६४. २७,६२७ ला २२२. म्हणजे पहिल्या ७३९ रुपयांत साडेतीन वर्षं वाचत होती आणि शेवटची साडेतीन वर्षं वाचवायला त्याच्या दुपटीहून जास्त, १,५८५ रुपये पडत होते. सर्वांत स्वस्त वर्षं सुरुवातीच्या रुपयांत असतात. मूळ मुदत गाठता येत नाही म्हणून काहीच न करणं हा त्यातला सर्वांत महाग पर्याय.

एकूण रकमेची तुलना केली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. ३४२ हप्ते गुणिले २४,३९० म्हणजे ८३ लाख ४१ हजार. २२२ गुणिले २७,६२७ म्हणजे ६१ लाख ३३ हजार. फरक बावीस लाखांचा, आणि तो महिन्याला ३,२३७ रुपयांसाठी.

हा बावीस लाखांचा आकडा सगळे सांगतात आणि त्याने लोक घाबरतात, म्हणून त्याबद्दल थोडं बोलतो. ते बावीस लाख आजचे नव्हेत. २०४१ ते २०५१ मधल्या हप्त्यांचे रुपये त्यात आहेत. २००१ साली माझ्या वडिलांचा पगार नऊ हजार होता. तेव्हाचे चोवीस हजार आणि आजचे चोवीस हजार एक नाहीत, तसे आजचे आणि २०५१ चेही नसतील. खरा प्रश्न सरळ आहे. हे ३,२३७ रुपये मी बँकेला दिले नाहीत तर दुसरीकडे त्यांच्यावर कर वजा जाता ९.३० टक्के सुटतील का? त्या वर्षी पीएफवर ८.१५ टक्के होते आणि बँकेतल्या ठेवीवर त्याहून कमी. शेअर बाजाराची खात्री कुणी देत नाही. तर मग कर्ज फेडणं ही माझ्या हातातली सर्वांत चांगली ठेव होती.

ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, "अरे, व्याजावर कर वाचतो ना, कशाला घाई करतोस?" राहत्या घराच्या व्याजाची वजावट वर्षाला दोन लाखांपर्यंतच मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. मी आधीच २,३६,८८३ व्याज भरलं होतं. कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे वरच्या छत्तीस हजारांवर काहीच सूट नव्हती. मुदत लांबवून वाढणारं व्याज पुढची काही वर्षं तरी सगळं त्या वरच्याच भागात पडणार होतं. त्याचा मुद्दा स्वस्त दराच्या काळात ठीक होता, आता नव्हता.

एवढं सगळं मांडून मी बायकोला म्हटलं, ठरलं, २७,६२७. तिने खर्चाची वही काढली.

तिची वही हे एक प्रकरणच आहे. दूध, गॅस, मुलीची व्हॅन, सोसायटीचा मेंटेनन्स, सासूबाईंची औषधं, सगळं तारीखवार. माझ्या हातात तेव्हा ६१,००० येत होते. तिच्या शिकवण्यांचे सात-आठ हजार, पण ते मे महिन्यात शून्य. जून महिना शाळेच्या फीचा. तिने फक्त एक प्रश्न विचारला, "२०२० मध्ये तुमच्या कंपनीने चार महिने अर्धा पगार दिला होता. तसं परत झालं तर सत्तावीस हजार कुठून भरणार?"

माझ्या स्प्रेडशीटमध्ये हा रकानाच नव्हता. वाढवलेला हप्ता ही आपण बँकेला दिलेली सक्ती असते. तो चुकला तर दंड, वर सिबिलवर डाग. हप्ता पुन्हा कमी करून मागायला गेलो तर बँक अडचणीतला कर्जदार म्हणून बघणार. याउलट जमेल तेव्हा मुद्दलात जादा भरलेली रक्कम ही आपली मर्जी. एक वर्ष नाही जमलं तर कुणी विचारत नाही. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर अशी आगाऊ फेड करायला दंडही लागत नाही. मग सगळंच मर्जीवर का सोडू नये? कारण मी मला ओळखतो. खात्यात उरलेले पैसे आमच्याकडे डिसेंबरपर्यंत टिकत नाहीत. कधी फ्रीज बिघडतो, कधी कुणाचं लग्न निघतं.

म्हणून दोन्हीचा मेळ घातला. वाईट महिन्यातही निभेल एवढा हप्ता पक्का करायचा आणि बाकीचं एकरकमी. वहीवर बसून तो आकडा २६,००० निघाला. पोस्टातली पाच वर्षांची आरडी जूनमध्ये सुटणार होती, लाखाच्या थोडी वर. तो लाख मुद्दलात. दीड लाखाची ठेव मात्र हात न लावता तशीच ठेवायची, ही तिची अट. मला ती ठेव मोडून कर्जात घालायचा मोह होता, कारण सात टक्क्यांची ठेव ठेवून नऊ टक्क्यांचं कर्ज पोसणं कागदावर मूर्खपणाच दिसतो. पण चार महिने अर्ध्या पगाराचे दिवस कागदावर दिसत नाहीत.

त्या लाखाचं मोल बघा. २६,००० च्या हप्त्याने कर्ज २६६ महिन्यांत फिटलं असतं. एक लाख आधीच भरला की २३९. सत्तावीस हप्ते कमी. कर्जाच्या सुरुवातीला भरलेला लाख शेवटच्या वर्षात भरलेल्या लाखापेक्षा कितीतरी जास्त काम करतो, कारण त्याच्यावरचं वीस वर्षांचं व्याज थांबतं.

दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचाही विचार केला होता. एका ठिकाणी अर्धा टक्का कमी सांगत होते, म्हणजे वर्षाला चौदा-पंधरा हजार. पण प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणाची स्टँप ड्युटी, नोटीस ऑफ इंटिमेशन आणि आमच्या बिल्डरकडून पुन्हा कागद मिळवणं, हे सगळं ऐकून मी थकलो. शहाण्याने तेही करावं. मी केलं नाही.

मेमध्ये अर्धी सुट्टी टाकून बँकेत गेलो. शाखेत सांगितलं की कर्जाचं काम दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या मॅडमना वाटलं मी हप्ता कमी करून मागायला आलोय, कारण त्या महिन्यात सगळे त्यासाठीच येत होते. मी वाढवायला आलोय म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"मुदत तुम्ही न विचारता का वाढवली?" मी विचारलं.

"तुमच्या करारात आहे ना सर. दर बदलल्यास मुदत अथवा हप्ता बदलण्याचा अधिकार बँकेकडे." त्यांनी पान उघडून दाखवलं. खाली माझी सही होती. करारावर मी सत्तेचाळीस सह्या केल्या होत्या, त्यातली ती एक.

भांडायला काही उरलं नव्हतं. मॅडम मात्र कामाच्या होत्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही मी एरवी चुकलो असतो. पहिली ही की लाख रुपये नुसते ऑनलाइन कर्जखात्यात टाकायचे नाहीत. त्यांच्याकडे अर्जाशिवाय आलेली रक्कम पुढच्या हप्त्यांसाठी जमा म्हणून पडून राहते, मुद्दल कमी होत नाही. दुसरी ही की अंशतः फेडीच्या अर्जावर दोन चौकोन असतात, हप्ता कमी करा आणि मुदत कमी करा. काही खूण केली नाही तर हप्ता कमी होतो. म्हणजे माणूस लाख भरून आपली सत्तावीस महिन्यांची कमाई नकळत परत देऊन येतो. मी मुदतीच्या चौकोनात खूण केली आणि बाजूला शब्दांतही लिहिलं. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि हप्ता वाढवण्याचा वेगळा अर्ज दिला. पोच घेतली. हे सगळं १ जुलैच्या रीसेटपासून लागू होणार होतं.

५ जुलैला हप्ता गेलाच नाही.

दुपारी एसएमएस आला की मँडेटची रक्कम अपुरी, व्यवहार नामंजूर. खात्यात पैसे होते. कर्ज एका बँकेत आणि पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत, त्यामुळे हप्ता नॅचने कापला जातो, म्हणजे मी आधी लिहून दिलेल्या परवानगीवर आपोआप. ती परवानगी म्हणजेच मँडेट. २०२१ मध्ये नॅचच्या फॉर्मवर कमाल रक्कम लिहिताना मी, हप्ता २२,९०० आहे म्हणून, ऐटीत २५,००० लिहिले होते. २४,३९० पर्यंत सगळं त्या मर्यादेत बसत होतं. २६,००० ची मागणी आली आणि पगाराच्या बँकेने ती परत लावली. दोन्ही बँकांचा मिळून हजाराच्या वर दंड बसला. तोही हप्ता जास्त भरायला निघालेल्या माणसाला.

मी त्याच दिवशी कर्जखात्यात हप्ता ऑनलाइन भरला, मॅडमना फोन केला, ई-मँडेट नव्याने भरलं आणि या वेळी कमाल रक्कम ४०,००० लिहिली. कर्जाच्या बँकेने लेखी अर्जावर त्यांचा दंड परत केला, पगाराच्या बँकेने नाही. हप्ता वाढवण्याच्या अर्जाबरोबर मँडेटची मर्यादा तपासायला कुणीच सांगत नाही, कारण ते काम कोणत्याच टेबलाचं नाही.

ऑगस्टच्या उताऱ्यात बाकी २८ लाख १३ हजार आणि शिल्लक हप्ते २३७. मी स्प्रेडशीटशी ताडून पाहिलं, जुळलं. कर्ज आता एप्रिल २०४३ ला संपणार होतं. मूळ तारखेपेक्षा दीड वर्ष उशिरा, पण २०५१ नव्हे.

गंमत अशी की मी बँकेच्या पायऱ्या झिजवून तीनच महिने झाले असतील, १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने याच विषयावर परिपत्रक काढलं. दर रीसेट होताना हप्ता वाढवायचा, मुदत लांबवायची की दोन्हीचा मेळ घालायचा, हे कर्जदाराला निवडू द्या. बँकेच्या धोरणानुसार स्थिर दरावर जायचा पर्यायही द्या. मुदत इतकी लांबवू नका की हप्त्यातून व्याजही निघणार नाही. आणि दर तिमाहीला उतारा द्या, ज्यात आजवर फिटलेलं मुद्दल, व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं. त्यानंतर आमच्या उताऱ्यात शिल्लक हप्त्यांचा आकडा कोपऱ्यातून मधे आला. निवड मात्र आपणहून सांगावी लागते. कर्जदार गप्प राहिला की सॉफ्टवेअर आपल्या जुन्याच वाटेने जातं, हा माझा अनुभव.

२०२४ मध्ये एक रुपयाही जादा भरता आला नाही. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि दीड लाखाच्या ठेवीतले एक लाख त्यात गेले. हप्ता सत्तावीस हजारांवर नेला असता आणि ठेव मोडून कर्जात घातली असती तर त्या महिन्यात आम्ही कुणाच्या दारात उभे असतो, हे मी बायकोपुढे कबूल केलं. तिने फार ताणलं नाही.

२०२५ मध्ये चक्र उलटं फिरलं. फेब्रुवारीत रेपो ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम ५.५०. १ जुलैच्या रीसेटला माझा दर ८.३० झाला. या वेळी मी एसएमएस नीट वाचला. हप्ता २६,००० तसाच होता आणि शिल्लक हप्ते १८५. दर वाढताना ज्या आपोआप वाटेने दहा वर्षं वाढवली होती, तीच आता उलट दिशेने चालून वर्षं कमी करत होती. बोटांवर मोजलं तर नोव्हेंबर २०४० आलं, मूळ तारखेच्या दहा महिने आधी.

आता पुन्हा तोच प्रश्न, फक्त उलटा. मुदत एप्रिल २०४३ ठेवली तर हप्ता २४,२७० वर येत होता, महिन्याला सतराशे रुपये मोकळे. मुलगी अकरावीत गेली होती आणि क्लासच्या फीचा आकडा ऐकून दोघंही गप्प होतो. बायकोने वही पुढे ओढली. पोस्टातली नवी आरडी, कर्जात भरायची म्हणून सुरू केलेली, ती मोडून क्लासची पहिली फी भरली. २६,००० ला हात लावला नाही.